अनंत पट्टा चार हजारांत बसवताना

टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८००० नमुने घेऊन आकड्यांत उतरवतात. समजा, या आकड्यांच्या रांगेतून २००० हर्ट्झच्या वरचे स्वर दाबायचे आहेत आणि खालचे होते तसे राहू द्यायचे आहेत. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम कॉइल आणि कपॅसिटर करत आले आहेत. १९३० साली ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ यांनी अशा फिल्टरची एक घडण मांडली. तिच्यात खालचे स्वर शक्य तितके सपाट, चढउताराविना जातात. ठरवलेल्या सीमेवर स्वराची उंची ०.७०७ पट होते, म्हणजे त्याची शक्ती निम्मी उरते, आणि त्यापुढे तो झपाट्याने विरत जातो. दुसऱ्या कोटीच्या बटरवर्थ फिल्टरचं सूत्र एका ओळीत मावतं. सीमा १ धरून ते असं लिहितात:

```
H(s) = 1 / (s² + 1.4142·s + 1)
```

हा आपला अॅनालॉग नमुनेदार फिल्टर, ज्याला प्रोटोटाइप म्हणतात. याच्यापासून डिजिटल फिल्टर बनवायचा, तर खरा प्रश्न `s` चं काय करायचं हा आहे.

सर्किटमध्ये कपॅसिटर विद्युतभार साठवत राहतो. गणिताच्या भाषेत तो वक्राखालचं क्षेत्रफळ मोजत असतो आणि `1/s` म्हणजे हीच बेरीज. संगणकाच्या हाती मात्र अखंड वक्र नसतो, सुटेसुटे बिंदू असतात. मग शेजारचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडायचे आणि खाली तयार झालेल्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ घ्यायचं. दोन्ही उंचींची सरासरी गुणिले मधलं अंतर, हा शाळेतलाच हिशेब. तो सूत्रात लिहिला की `s` च्या जागी पुढची राशी येते. `z⁻¹` चा अर्थ ‘एक नमुना आधीचा’ एवढाच, आणि `fs` म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने.

```
s → 2·fs·(1 − z⁻¹) / (1 + z⁻¹)
```

याला बायलिनिअर ट्रान्सफॉर्म म्हणतात. नियंत्रण-अभियांत्रिकीत हीच पद्धत आर्नल्ड टस्टिन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९४७ साली मांडली. तिचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. मूळ अॅनालॉग फिल्टर स्थिर असेल, तर बदललेला फिल्टरही स्थिरच राहतो, नमुने कितीही विरळ असले तरी. आयआयआर फिल्टर आपलंच जुनं उत्तर पुन्हा हिशेबात घेतो. त्यामुळे स्थिरता गेली, तर आकडे फुगत जाऊन काही क्षणांत सगळा आवाज बिघडतो. इथे ती चिंता उरत नाही.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अॅनालॉग सर्किटसाठी वारंवारतेचा पट्टा शून्यापासून अनंतापर्यंत जातो. सेकंदाला ८००० नमुने असतील, तर डिजिटल पट्टा ४००० हर्ट्झला संपतो. बायलिनिअर ट्रान्सफॉर्म तो अख्खा अनंत पट्टा या ४००० हर्ट्झमध्ये दाबून बसवतो. खालच्या बाजूला अंतरं जवळपास जशीच्या तशी राहतात, वर जाल तशी ती आक्रसत जातात. हे आक्रसणं नेमक्या सूत्राने बांधलेलं आहे:

```
fa = (fs/π) · tan(π·fd/fs)
```

`fd` ही डिजिटल वारंवारता आणि `fa` तिच्या वाट्याला आलेली अॅनालॉग वारंवारता. आपल्याला `fd` २००० हवी आहे. कंसातला कोन ४५ अंशांचा येतो, त्याचा टॅन्जंट १, म्हणून `fa` सुमारे २५४६ हर्ट्झ. थोडक्यात, डिजिटल सीमा २००० वर पडावी म्हणून अॅनालॉग फिल्टर मुद्दामच २५४६ हर्ट्झचा घ्यायचा आणि मग तो बदलायचा. या आगाऊ दुरुस्तीला प्री-वॉर्पिंग म्हणतात.

आता प्रत्यक्ष करून पाहू. सीमा १ धरलेल्या सूत्रात ही दुरुस्ती घातली की `s` समोरचा गुणक `1/tan(45°)`, म्हणजे १ होतो. मग `s` च्या जागी `(1 − z⁻¹)/(1 + z⁻¹)` लिहायचं आणि छेद काढून टाकायला वरखाली `(1 + z⁻¹)²` ने गुणायचं. अंशात `(1 + z⁻¹)²` उरतं, छेदात `3.4142 + 0.5858·z⁻²`. मधलं `z⁻¹` चं पद पूर्ण कटून जातं. सगळं ३.४१४२ ने भागलं की फिल्टर हाती येतो:

```
y[n] = 0.2929·x[n] + 0.5858·x[n−1] + 0.2929·x[n−2] − 0.1716·y[n−2]
```

तो बरोबर आहे का, हे कागदावरच तपासता येतं. न बदलणारा संकेत, सतत १, आत घाला. आलेल्या संकेताच्या गुणकांची बेरीज १.१७१६, आणि स्थिर झाल्यावर `1.1716·y` ची किंमतही तेवढीच, म्हणून उत्तर १. आता नेमक्या २००० हर्ट्झचा स्वर घाला. त्याचे नमुने १, ०, −१, ० असे येतात. दोन नमुन्यांपूर्वीचा आकडा नेहमी विरुद्ध चिन्हाचा असल्याने पहिलं आणि तिसरं पद एकमेकांना खाऊन टाकतात. `y[n−2]` हाही `−y[n]` असतो. उरतं `0.8284·y[n] = 0.5858·x[n−1]`, म्हणजे उंची ०.७०७१ पट. सीमा अचूक जागेवर बसली.

ही दुरुस्ती विसरली, तर सीमा २००० ऐवजी सुमारे १६९५ हर्ट्झवर येते आणि २००० हर्ट्झचा स्वर ०.७०७ ऐवजी ०.५२ पटच उरतो. ऐकणाऱ्याला आवाज जरा मंद वाटेल, पण काही तुटलं आहे असं वाटणार नाही. म्हणूनच ही चूक बराच काळ लपून राहते. उलट चूकही तितकीच होते. सायपायमधलं `butter` प्री-वॉर्पिंग स्वतःच करतं, `bilinear` करत नाही.

```python
from scipy.signal import butter
b, a = butter(2, 2000, fs=8000)
```

इथे कोणी काळजीपोटी २००० ऐवजी २५४६ घातलं, तर दुरुस्ती दोनदा होऊन सीमा २५४६ वर जाते. म्हणून तयार फिल्टरचा आलेख काढून ०.७०७ ची उंची कुठे पडते ते पाहावं. १६९५ दिसलं तर दुरुस्ती राहून गेली, २५४६ दिसलं तर ती दोनदा झाली.

प्री-वॉर्पिंग केलं म्हणून सगळा वक्र मूळच्यासारखा झाला, असा समज मात्र पुस्तकं वाचताना सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. आपण फक्त एक बिंदू जागेवर बसवला. २००० हर्ट्झच्या खऱ्या अॅनालॉग बटरवर्थमधून ३००० हर्ट्झचा स्वर ०.४१ पट बाहेर येतो, आपल्या डिजिटल फिल्टरमधून ०.१७ पट. ४००० ला अॅनालॉगमधून ०.२४ पट येतो, आपल्याकडे पूर्ण शून्य, कारण अॅनालॉगचं अनंत तिथे येऊन बसलं आहे. वरचे स्वर दाबायचेच असतील, तर हा फरक उलट फायद्याचा. पण संगीताच्या ध्वनिमुद्रणातल्या इक्वलायझरमध्ये वरच्या पट्टीतला ठरावीक भाग उचलायचा असतो. तिथे उंचवट्याचा मध्य जागेवर बसतो, पण त्याची वरची बाजू आक्रसते आणि उंचवटा एका अंगाने चेपलेला दिसतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे नमुने वाढवणं. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर २००० हर्ट्झची सीमा प्री-वॉर्पिंग न करताही सुमारे १९८९ वर पडते. वक्रही त्या भागात मूळच्या वक्राला जवळपास चिकटून चालतो. पण त्याच ४८,००० ला १५,००० हर्ट्झचा उंचवटा हवा असेल, तर आक्रसणं पुन्हा उघडं पडतं. म्हणून ध्वनीवर काम करणारे अनेक जण आतल्या आत नमुन्यांचा वेग दुप्पट करतात, फिल्टर लावतात आणि मग मूळ वेगावर परत येतात. हिशेब दुपटीने वाढतो, शिवाय वेग बदलताना आणखी फिल्टर लागतात, हे गृहीत धरूनच.