‘कांडप सुरू आहे’ हे गुगलला कोण सांगणार?

मार्च सरू लागला की डोंबिवलीतल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत लाल मिरच्या वाळत पडतात. वर्षाचा मसाला करायचा म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: कांडून कुठे आणायचा? पूर्वी हे शेजारणीला विचारले जायचे. आता शेजारीणसुद्धा फोन काढते आणि ‘मिरची कांडप’ किंवा mirchi kandap near me असे टाइप करते. नकाशावर चार-पाच गिरण्या उमटतात. कुठे डंका आहे आणि कुठे नुसते दळण मिळते, हे मात्र त्यावरून कळत नाही.

यात गिरणीवाल्याची फारशी चूक नसते. दुकानाची जी नोंद गुगल मॅप्सवर दिसते, तिला ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. २०२१ च्या अखेरीपर्यंत तिचे नाव ‘गुगल माय बिझनेस’ होते. नोंद करताना नाव, पत्ता, वेळ, फोन आणि व्यवसायाचा प्रकार भरून घेतात. गिरणीचा प्रकार म्हणजे Flour mill. ही सगळी बाराही महिने तीच राहणारी माहिती. कांडप मात्र उन्हाळ्यातच, उपवासाची भाजणी नवरात्रात आणि चकलीची भाजणी दिवाळीच्या आधी. गिऱ्हाईक नेमके तेच शोधत असते आणि नोंदीत नेमके तेच नसते.

मग काही जण सोपा रस्ता धरतात आणि दुकानाच्या नावातच सगळे कोंबतात: ‘अमुक फ्लोअर मिल, मिरची कांडप, मसाला, भाजणी, डोंबिवली पूर्व’. गुगलच्या नियमात हे बसत नाही. पाटीवर जे नाव असेल तेच नोंदीत हवे. कोणी तक्रार केली तर नाव बदलले जाते, कधी अख्खे प्रोफाइलच निलंबित होते आणि ऐन हंगामात दुकान नकाशावरून नाहीसे होते.

हंगामी माहितीसाठी वेगळी जागा आहे, ती म्हणजे पोस्ट. २०१७ पासून ही सोय छोट्या दुकानदारांना फुकट मिळते. मालकाने आपल्या खात्याने लॉगिन करून गुगलवर स्वतःच्या दुकानाचे नाव शोधले की प्रोफाइल सांभाळण्याची बटणे दिसतात. त्यातल्या Add update वर गेले की मजकूर आणि फोटो टाकता येतो. साधी बातमी, सवलत आणि कार्यक्रम असे तीन प्रकार आहेत. सवलत आणि कार्यक्रमाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यावी लागते. मजकुराला १५०० अक्षरांची मर्यादा आहे, पण गिऱ्हाइकाला न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. कामाची गोष्ट तिथेच यायला हवी.

आता गिरणीवाल्याने काय लिहावे? बरेच जण ‘आमच्या सर्व ग्राहकांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहून एक रंगीत चित्र लावतात. कांडप शोधणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही, आणि चित्रावर छापलेल्या अक्षरांचा शोधासाठी भरवसा धरता येत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल:

‘मिरची आणि मसाला कांडप सुरू. बेडगी, लवंगी, संकेश्वरी डंक्यावर कांडून मिळेल. मिरची कडक वाळवून, देठ काढून आणावी. किमान १ किलो. सकाळी ९ ते दुपारी १, सोमवारी बंद. मालवणी आणि घाटी मसाल्याचे जिन्नस भाजून देतो, त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे.’

सोबत फोटो डंक्याचाच हवा, मोबाइलवर काढलेला चालतो. या पाच-सहा ओळींत गिऱ्हाइकाच्या तोंडचे जवळजवळ सगळे शब्द आले आहेत, शिवाय फोनवर दिवसातून वीसदा विचारले जाणारे प्रश्नही मिटले. एक पथ्य पाळायचे: मजकुरात फोन नंबर लिहायचा नाही. गुगल अशी पोस्ट नाकारते. फोनसाठी पोस्टला Call now हे बटण जोडता येते, ते नोंदीतला नंबरच लावते.

याचा उपयोग कुठे दिसतो? नकाशावरच्या यादीत काही दुकानांच्या नावाखाली एक बारीक ओळ येते. कधी ती रिव्ह्यूमधली असते, कधी वेबसाइटवरची, कधी पोस्टमधली. शोधलेला शब्द त्या मजकुरात सापडला तर गुगल तो तुकडा उचलून दाखवते. चार गिरण्यांच्या यादीत एकीखालीच ‘मिरची आणि मसाला कांडप सुरू’ दिसले, तर पिशवी घेऊन निघालेली बाई कुठे वळेल हे सांगायला नको.

मात्र पोस्ट टाकली म्हणून दुकान यादीत वर चढते, असे समजू नये. शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाचा नावलौकिक यांवर क्रम लागतो, असे गुगल स्वतः सांगते. ठाकुर्लीच्या माणसाला डोंबिवलीच्या दुसऱ्या टोकाची गिरणी पोस्टच्या जोरावर पहिली दिसणार नाही. ‘पोस्ट टाकून पहिला नंबर आणून देतो’ म्हणत महिन्याला पैसे मागणाऱ्यांना म्हणूनच दारातून परत पाठवावे. ती ओळ प्रत्येक वेळी दिसेलच, याचीही हमी नसते.

दुसरी सोय प्रश्नोत्तरांची. तीही २०१७ मधलीच, पण तिचा स्वभाव वेगळा. पोस्ट फक्त मालक लिहितो. इथे मात्र कोणीही प्रश्न विचारी आणि कोणीही उत्तर देई. ‘उपवासाची भाजणी गव्हाच्याच जात्यावर दळता का?’ या प्रश्नाला गिरणीत कधी पाऊल न टाकलेला माणूस ‘बहुतेक हो’ असे लिहून मोकळा होई. मालकाला ते पुसता येत नसे, फक्त तक्रार करता येई. उपाय एकच होता: नेहमीचे प्रश्न मालकाने आपल्याच खात्यावरून विचारायचे आणि नीट उत्तरे द्यायची. याला गुगलची मनाई नव्हती. ‘नाही. उपवासाचे दळण सकाळी वेगळ्या जात्यावर होते, त्यावर गहू घेत नाही’ असे मालकाच्या नावाने लिहिलेले उत्तर लोकांनी पसंत केले की ते वर राही.

सध्या या विभागाचे दिवस भरल्यासारखे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून प्रश्नोत्तरे हाताळण्याची सोय बंद केली आणि अनेक प्रोफाइलवरून तो विभागही दिसेनासा झाला. आपल्या नोंदीवर तो उरला आहे का, हे आधी पाहून घ्यावे. नसेल तर ती उत्तरे दुसरीकडे हलवावीत. वेगळ्या जात्याची गोष्ट बारमाही आहे, तिची जागा दुकानाच्या वर्णनात. त्याला ७५० अक्षरे मिळतात. कांडप, भाजणी, नाचणीचे दळण ही कामे सेवांच्या यादीत एकेक करून, थोडक्या माहितीसह लिहावीत.

फरक पडला का, हे प्रोफाइलच्या Performance भागात कळते. लोकांनी कुठले शब्द शोधल्यावर हे दुकान दिसले, त्याची महिन्यागणिक यादी तिथे असते. अगदी थोडे शोध असतील तर आकड्याऐवजी <15 असे दिसते. फेब्रुवारीत तिथे ‘गिरणी’ आणि chakki एवढेच असेल आणि एप्रिलमध्ये ‘मिरची कांडप’ आले असेल, तर त्या महिन्यातले फोन आणि रस्ता विचारणारे किती वाढले तेही शेजारीच पाहावे. यात हंगामाचा वाटा मोठा असतो, म्हणून तुलना गेल्या एप्रिलशी करावी.

पावसाळा तोंडावर आला की कांडपाची पोस्ट काढून टाकावी. साध्या पोस्ट सहा महिने दिसत राहतात, आणि जुलैत मिरची घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बंद डंका दिसला तर तो रिव्ह्यूत तेच लिहून जातो.