मुखत्यारपत्रातले चौथे कलम

जमिनीचे दस्त वाचण्याची मला फार वर्षांपासून ओढ आहे, आणि त्यातही मुखत्यारपत्रांची. विक्रीपत्रात व्यवहार झालेला असतो. मुखत्यारपत्रात तो व्हायचा असतो आणि तो होताना मालक तिथे नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आदिवासी खातेदारांच्या कागदांत हा प्रकार वारंवार भेटतो. त्यातला एक मसुदा मोबाईलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात माझ्याकडे आला. धानोरा तालुक्यातील एका विधवा बाईंनी तालुक्याच्या गावातील एका बिगर-आदिवासी ओळखीच्या माणसाला लिहून द्यायचे कुलमुखत्यारपत्र. सही अजून झालेली नव्हती. नवऱ्याच्या नावावरची जमीन वारस म्हणून आपल्या नावावर चढवायची, त्यासाठी तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये कोणीतरी धावपळ करावी, एवढेच बाईंना हवे होते.

पहिली तीन कलमे तेवढेच सांगतात. फेरफाराचा अर्ज देणे, सातबाऱ्याच्या नकला काढणे, मोजणीला हजर राहणे. मग चौथे कलम येते आणि ते जवळजवळ अर्धे पान भरते. जमीन विकणे, गहाण टाकणे, भाडेपट्ट्याने देणे, ‘मुखत्यारास योग्य वाटेल त्या किमतीस’ सौदा ठरवणे, पैसे घेऊन पावती देणे, दुय्यम निबंधकासमोर दस्त नोंदवून देणे, जमिनीवरील सागाची झाडे तोडून विकणे. शेवटच्या पानावर आणखी तीन वाक्ये आहेत: मोबदला पावला आहे, हे मुखत्यारपत्र कधीही रद्द करणार नाही, ते माझ्या वारसांवर बंधनकारक राहील.

असा मसुदा वाचताना क्रम उलटा धरावा. शेवटच्या पानापासून सुरुवात करावी.

मुखत्यारपत्राचा पाया 1872 च्या करार कायद्यात आहे. मुखत्यार हा मालकाचा प्रतिनिधी. मालकाला त्याला काढता येते, आणि मालक मरण पावला की कलम 201 प्रमाणे अधिकार संपतो. याला मोठा अपवाद एकच, कलम 202. ज्या मालमत्तेबद्दल अधिकार दिला तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर तो अधिकार त्या हितसंबंधाला बाधा येईल अशा रीतीने काढून घेता येत नाही. ‘मोबदला पावला’ हे वाक्य तो हितसंबंध उभा करण्यासाठी घातलेले असते. बाईंना एक रुपयाही मिळालेला नव्हता. नुसते ‘रद्द करणार नाही’ लिहिल्याने मुखत्यारपत्र कायमचे होत नाही. पण बाईंनी सही केली असती, तर पैसे मिळालेच नाहीत हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर येऊन पडले असते.

मोबदल्याचे वाक्य असेल तर ते मुखत्यारपत्र वेषांतर केलेले विक्रीपत्र आहे असेच मी समजतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केले, की मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही. घरातल्या माणसाला व्यवस्थेसाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्राला मात्र न्यायालयाने हात लावला नाही. महाराष्ट्राचा मुद्रांक कायदाही हाच भेद करतो. जमीन विकण्याचा अधिकार मोबदला न घेता आई, भाऊ, मुलगी अशा जवळच्या नातलगाला दिला तर 500 रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. परक्याला दिला तर विक्रीपत्राइतके. म्हणून विक्रीचा अधिकार परक्याला आणि कागद 500 च्या स्टँपवर, असे दिसले की तिथेच थांबावे. या मसुद्यात नेमके तेच होते.

आता चौथे कलम. इथे गडचिरोलीची गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही प्रकारे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बाकी सगळ्याला त्यांच्या परवानगीबरोबर राज्य शासनाची आगाऊ मान्यताही लागते. ही तरतूद 6 जुलै 1974 पासून आहे. त्याच काळात आणखी एक कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची सोय झाली. त्याला आव्हान दिले गेले. लिंगप्पा पोचन्ना यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो कायदा वैध ठरवला. कागदावर राजीखुशीने झालेले सौदेसुद्धा उलटवण्याचा अधिकार राज्याला आहे, हे त्या निकालाने पक्के केले. माझ्या मते या विषयावरचा तो सर्वांत मोलाचा निकाल आहे.

याचा मसुद्याशी संबंध सरळ आहे. जे मालक स्वतः करू शकत नाही ते त्याचा मुखत्यारही करू शकत नाही. बाईंना परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जमीन विकता येत नाही, म्हणून मुखत्यारालाही येत नाही. मसुद्यात परवानगीचा उल्लेखच नव्हता. सागाच्या झाडांचेही तसेच. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. तो झाला तोच लाकूड व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने झाडे उचलू नयेत म्हणून. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. परस्पर तोड आणि सौदा चालत नाही. आणि जमीन वनहक्क पट्ट्याची असेल तर प्रश्नच मिटतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही.

मग अशा कागदाचे भय कशाला? कारण कायद्याने निष्फळ ठरणारा दस्तही प्रत्यक्षात काम करतो. त्याच्या जोरावर जमिनीवर ताबा घेतला जातो, झाडे तोडली जातात, भरपाईची रक्कम उचलली जाते. नंतर तो अवैध ठरवून घेण्यासाठी बाईंनाच कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

फोटोवरून काही गोष्टी कळतच नाहीत, त्या मागून घ्याव्यात. स्टँपपेपरची मागची बाजू, म्हणजे तो कोणाच्या नावाने, कधी आणि कशासाठी घेतला. सगळी पाने, क्रमाने. जमिनीचे वर्णन असलेले परिशिष्ट, कारण माझ्याकडे आलेल्या फोटोंत भूमापन क्रमांकाची जागा कोरी होती, आणि सही झाल्यावर कोऱ्या जागेत कुठलेही शेत भरता येते. ‘मुखत्यार आपल्या वतीने दुसरा मुखत्यार नेमू शकेल’ असे वाक्य आहे का, तेही पाहावे. ते नसेल तर कलम 190 प्रमाणे साधारणपणे त्याला काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. असेल तर बाईंनी कधी न पाहिलेला माणूस त्यांचा मुखत्यार होऊ शकतो.

या बाईंना लागत होते ते खास मुखत्यारपत्र, आणि ते अर्ध्या पानात मावते. एकच भूमापन क्रमांक, एकच काम: वारस नोंदीचा फेरफार. मुदत सहा महिने. विक्री, गहाण, भाडेपट्टा, झाडे आणि पैसे स्वीकारणे यांचा अधिकार नाही, असे स्पष्ट वाक्य. मागितल्यावर हिशेब देण्याचे बंधन. ते करार कायद्याच्या कलम 213 मध्ये आहेच, पण लिहिलेले बरे. आणि ज्यांची सही आधीच होऊन गेली असेल, त्यांनी रद्दपत्र करून मुखत्याराला लेखी कळवावे, आणि त्याची प्रत तलाठी, तहसीलदार आणि दुय्यम निबंधक यांच्याकडे पोच घेऊन द्यावी. कारण कलम 208 प्रमाणे अधिकार काढल्याचे मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्या दृष्टीने, आणि ज्याच्याशी तो व्यवहार करतो त्याला कळेपर्यंत त्या माणसाच्या दृष्टीने, अधिकार चालूच राहतो. उशीर झाला की त्याचा भार मालकावर पडतो.