कब्ज आणि बवासीर: आशाताईंनी अर्ध्या तासात सांगितलेल्या कामाच्या गोष्टी

आपल्या घरांत याला कुणी ‘कब्ज’ म्हणतं, कुणी ‘पोट साफ होत नाही’ म्हणतं. रक्त दिसायला लागलं की मग ‘बवासीर’ हा शब्द येतो, तोही दबक्या आवाजात. नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची लाज आणि पुरुष डॉक्टरला तर त्याहून जास्त. त्यामुळे बायका महिनोन्‌महिने सहन करतात.

मराठवाड्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीच्या ओसरीवर आशाताईंनी याच विषयावर बायकांशी अर्धा तास बातचीत केली. मी शाळेत शिकवते आणि उर्दू-मराठी दोन्ही बोलते, म्हणून मलाही बसवून घेतलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं आणि उपयोगी होतं की इथे सविस्तर देत आहे.

परातीतली कणीक

आशाताईंनी दोन वाट्या आणल्या होत्या. एकीत तेव्हाच मळलेली मऊ कणीक, दुसरीत सकाळपासून उघडी ठेवलेली. दुसरी वरून सुकून टणक झाली होती. त्या म्हणाल्या, “आपल्या पोटातही हेच होतं.”

खाल्लेलं अन्न पचून मोठ्या आतड्यात येतं तेव्हा ते पातळ असतं. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. शौच वेळेवर बाहेर पडली तर ती मऊ राहते. ती आतच थांबली तर आतडं पाणी शोषतच राहतं आणि ती सुकते, खडे होतात. म्हणजे कळ आली आणि आपण ती दाबली, की थोड्या वेळाने कळ निघून जाते, पण शौच तिथेच असते आणि तासातासाला कडक होत जाते. रोज असं केलं तर कळ येण्याची सवयच मंदावते.

आता बवासीर. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. कडक खडा बाहेर काढण्यासाठी आपण दम रोखून जोर लावतो. त्या जोराने या गाद्यांत रक्त तुंबतं, त्या फुगतात आणि हळूहळू खाली सरकतात. वरून खडा घासला की रक्त पडतं. बवासीरचं रक्त बहुतेक वेळा लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंब थेंब पडतं आणि दुखत नाही. शौच करताना काचेने कापल्यासारखी आग होत असेल तर ती बहुधा बवासीर नसते, तिथली कातडी फाटलेली असते. त्याला डॉक्टर फिशर म्हणतात. औषध वेगळं असतं, पण मूळ दोन्हीचं बऱ्याचदा एकच, म्हणजे कडक शौच.

एका सुनेचा दिवस

एक खाला मागून म्हणाल्या, “हमारी बहू को सातवां महिना चालू है, खून गिरता. क्या करना?” सून शेजारीच बसली होती, मान खाली घालून. आशाताईंनी आधी एकच विचारलं, रक्त कुठून येतं? गरोदरपणात हे पहिल्यांदा पक्कं करायचं असतं. अंगावरून रक्त जात असेल तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठायचा. सुनेने सांगितलं, फक्त संडासच्या वेळी, शेवटी. तरी आशाताईंनी दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत यायचं ठरवलं आणि मग तिचा दिवस विचारायला सुरुवात केली.

ती पहाटे फजरला उठते. थोड्या वेळाने कळ येते, पण घरात एकच संडास. सासरे, नवरा, मुलं यांच्या रांगेत तिचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर डबे करायची घाई. कळ जाते. सकाळी चहा आणि खारी. दुपारी भात आणि पातळ सालन. रात्री चाळलेल्या गव्हाच्या पिठाच्या चपात्या. दिवसभरात चार ग्लास पाणी, कारण वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून ती पाणीच कमी पिते. शौच तीन-चार दिवसांनी एकदा. आणि शेवटी तिने हळूच सांगितलं की लोहाची लाल गोळी तिने महिन्यापूर्वी बंद केली. गोळीने पोट जाम होतं आणि शौच काळी होते, म्हणून ती घाबरली होती.

इथे आशाताई थांबल्या, कारण खरा धोका इथेच होता. तिच्या कार्डावर हिमोग्लोबिन ८.५ होतं. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. एकीकडे रोज थोडं थोडं रक्त जातंय, दुसरीकडे रक्त वाढवणारी गोळी बंद. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर अशा बाईकडे शिल्लक काहीच राहत नाही.

गोळीने शौच काळपट होते, हे लोहाचंच लक्षण आहे, त्याने घाबरायचं नाही. गोळीने काहींना कब्ज होते हेही खरं. त्यावर इलाज कब्जवर करायचा, गोळी सोडायची नाही. गोळी चहासोबत घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये, दोन्हींत दोन तास तरी अंतर ठेवावं. फारच त्रास झाला तर डॉक्टर वेळ किंवा गोळी बदलून देतात.

मग बदल काय केले?

पहिला बदल संडासच्या वेळेचा. काही खाल्लं-प्यालं की आतडं आपोआप हलायला लागतं, आणि सकाळी ही हालचाल सगळ्यात जोरात असते. म्हणून उठल्यावर एक-दोन ग्लास पाणी, मग थोडा नाश्ता आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी संडास. खालांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की सकाळी बहूचा नंबर आधी लागेल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या घरातला अर्धा इलाज हाच होता.

दुसरा बदल बसण्याचा. आपलं उकिडवं बसणं यासाठी चांगलं आहे. उकिडवं बसलं की आतड्याचा शेवटचा वाक सरळ होतो, जसा मुडपलेला रबरी पाइप सरळ केल्यावर पाणी मोकळं वाहतं. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा आणि किंचित पुढे झुकावं. पाच-सात मिनिटांत नाही झाली तर उठून यावं. मोबाइल घेऊन बसणं बंद, कारण नुसतं बसून राहण्यानेही त्या गाद्यांत रक्त साचतं.

तिसरा बदल ताटाचा. आशाताईंनी एका ग्लास पाण्यात चमचाभर इसबगोल टाकला. काही मिनिटांत तो फुगून खिरीसारखा झाला. “कोंडा, भाजी, सालीची डाळ पोटात हेच काम करतात, पाणी धरून ठेवतात,” त्या म्हणाल्या. म्हणून पीठ चाळून कोंडा फेकायचा नाही. खारी-पावाऐवजी सकाळीही ज्वारीची भाकरी. दुपारी वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, रात्री मेथी, अंबाडी, गवार अशी एक भाजी, आणि दिवसात एक पेरू किंवा केळं. हे हळूहळू वाढवायचं, नाहीतर गॅस होतो. गोश्त खायला हरकत नाही, पण त्यात चोथा अजिबात नसतो, म्हणून सोबत भाजी किंवा डाळ हवीच.

चौथं पाणी, दिवसाला आठ ते दहा ग्लास. पाणी न पिता कोंडा किंवा इसबगोल खाल्ला तर उलट जास्त अडकतं. ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी मात्र पाणी किती प्यावं हे डॉक्टरला विचारावं.

रमजानचा प्रश्न लगेच आलाच. रोज्यात कब्ज वाढते कारण दिवसभर पाणी नाही आणि इफ्तारला भजी-समोसे जास्त. इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडं थोडं करून पूर्ण करायचं, एकदम शेवटी ढोसायचं नाही. खजूर, फळं, चण्याची उसळ आधी, तळलेलं नंतर आणि कमी.

घरगुती औषधं कुठवर?

इसबगोल एक ते दोन चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, लगेच प्यायचा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. आग किंवा सूज असेल तर पसरट टबात सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसावं. आपल्याकडे सना मक्की घरोघरी असते आणि बाजारातल्या कित्येक चूर्णांत तीच असते. कधीतरी घेतली तर ठीक, पण रोज लागत असेल तर डॉक्टरला दाखवावं. गरोदर बाईने सना मक्की विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि एरंडेल तर नकोच, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

‘बिना ऑपरेशन बवासीर गायब’ अशा पाट्या रस्त्याकडेला दिसतात. तिथे काही लोक तिखट औषध लावून जागा जाळतात. त्याने जखम पिकते, पुढे ती जागा आकसून शौचच अडते.

दवाखान्यात कधी जायचं?

खाण्यापिण्यात बदल करून दोन आठवडे झाले तरी रक्त थांबत नसेल तर जायलाच हवं. शौचात मिसळलेलं रक्त, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी शौच, वजन घटणं, चक्कर, बाहेर आलेला आणि आत न जाणारा कोंब, ताप किंवा असह्य दुखणं, यांत एक दिवसही वाट पाहू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं किंवा शौचाची सवय अचानक बदलली तरी तपासून घ्यावं. आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच दिसू शकते आणि कित्येक जण बवासीर समजून वेळ घालवतात. महिला डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे आशाताईंना विचारता येतं, सोबतही त्या येतात.

त्या सुनेला आरोग्य केंद्रात तपासलं. सुरुवातीची बवासीर निघाली, ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं. शौच मऊ करणारं औषध काही दिवस दिलं आणि लाल गोळी पुन्हा सुरू झाली. तीन आठवड्यांनी आशाताई घरी गेल्या तेव्हा शौच एक दिवसाआड होत होती आणि रक्त थांबलं होतं. हिमोग्लोबिनची पुढची तपासणी महिन्याने आहे. बाळंतपण झाल्यावरही गोळी सहा महिने चालू ठेवायची आहे आणि पाणी-भाजीही तशीच, कारण बाळंतपणानंतरच्या दिवसांत कब्ज पुन्हा डोकं वर काढते.