नऊचं गेट, सातचं घड्याळ

पहाटे पावणेपाचला म्हैसूर सोडतो. डिकीत वजनांची पेटी, दोन सुटे काटे आणि थर्मास. सोनारांचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. महिन्यातून दोनदा वायनाडला फेरी असते, कारण तिथं सोन्याच्या दुकानांबरोबर गलाईची दुकानंही आहेत. गलाईवाले बहुतेक आपले, विटा-आटपाडीकडचे. जुनं सोनं आटवून शुद्ध करून देतात. त्यांच्या काट्यावर एक मिलिग्रॅम इकडचं तिकडे झालं तरी फोन येतो, आणि तो मराठीत येतो हे एक सुख.

साडेपाचच्या सुमारास नंजनगूड मागे पडतं. या खेपेला गुंडलुपेट सोडून सहा-दहाला मद्दूर चेकपोस्टवर पोचलो. गेट नुकतंच उघडलं होतं. माझ्या पुढे केरळला निघालेल्या भाजीच्या लॉऱ्यांची रांग होती. गुंडलुपेटच्या शेतातला टोमॅटो आणि कोबी वायनाडच्या बाजारात जातो आणि पहाटेची ही रांग मुख्यतः त्याचीच. लॉरीवाले रात्रीच येऊन झोपतात. नऊनंतर आत सोडत नाहीत हे त्यांना सांगावं लागत नाही.

बंदीपूरच्या जंगलातून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ७६६ रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. २००९च्या जूनमध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रात्री गाड्यांखाली जनावरं मरतात म्हणून बंदी घातली, आठवड्याभरात दबावाखाली ती मागेही घेतली. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जुलैत बंदी परत आली, ती आजवर आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि दोन्ही राज्यांच्या मोजक्या सरकारी बसेसना सूट आहे. बाकी सगळ्यांना नऊ म्हणजे नऊ. वायनाडातल्या लोकांचा यावर राग आहे आणि तो मला समजतो. पण सकाळी सव्वासहाला डांबरावर पडलेलं हत्तीचं ताजं, वाफाळतं शेण बघितलं, की रात्री रस्ता कोणाचा होता हेही समजतं.

जंगलात थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही. गतिरोधक इतके आहेत की घाई करून काही मिळत नाही. मूलेहोळेचा पूल ओलांडला की केरळ. मग मुत्तंगाचं चेकपोस्ट आणि साडेसातला सुलतान बत्तेरी.

दिवसाचं काम सांगण्यासारखं नाही. बत्तेरीत दोन गलाई दुकानं, एक सोनार. जेवण करून चोवीस किलोमीटरवरच्या कल्पेट्ट्याला गेलो. तिथं चार दुकानं होती.

पाच वाजता शेवटच्या दुकानात बसलो आणि तिथंच फसलो. काट्यावर शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन पारड्याच्या मध्यावर बरोबर दाखवत होतं, कडेला सरकवलं की तेरा मिलिग्रॅम कमी. सोनाराचा दागिना काही नेहमी मध्यावर पडत नाही, त्यामुळे हे चालण्यासारखं नव्हतं. वर पंखा, शेजारी एसीचा झोत, खाली डुगडुगणारं टेबल. एकेक बंद करून, बदलून पाहिलं. शेवटी पारड्याखालच्या आधारात साचलेली मेणासारखी घाण निघाली. पण काटा उघडून पुसला की तो चालू करून अर्धा तास तापू द्यावा लागतो, त्याआधी केलेलं जुळवणीचं काम टिकत नाही. हा अर्धा तास कोणालाही कमी करता येत नाही. मी तो दोनदा घालवला.

सात वाजले. माझा नियम असा की सातला कल्पेट्टा सोडलं असेल तरच बत्तेरीच्या रस्त्याला लागायचं. इथून मूलेहोळेचं गेट चव्वेचाळीसेक किलोमीटर, पावसात सव्वा ते दीड तास. साडेसातला निघालो तरी कागदावर पोचतो, पण बत्तेरीच्या चौकात एखादी लॉरी आडवी असली की संपलं.

पेट्या भरून झाल्या तेव्हा सात-चाळीस.

मालक म्हणाले, "आता कुठं जाताय? मुक्काम करा की. सकाळी उजाडल्यावर जावा."

"सकाळी नऊला म्हैसुरात दुसरं काम आहे, दादा."

"मग बावलीवरनं?"

बावलीचा रस्ता सहालाच बंद होतो. मानंतवाडीहून हेग्गडदेवनकोट्याला जाणारा तो रस्ता नकाशावर सगळ्यात सरळ दिसतो, म्हणून नवखा माणूस तिकडे धावतो. दुसरा नवखा गुडलूरकडून मुदुमलाईत शिरतो, पण तो रस्ताही पुढे बंदीपूरलाच मिळतो आणि नऊलाच बंद होतो. रात्रभर खुला असा रस्ता एकच, मानंतवाडी-कुट्टा-गोणिकोप्पल-हुणसूर. कर्नाटक सरकारही पर्याय म्हणून याकडेच बोट दाखवतं.

खरी गोम इथं आहे. कल्पेट्ट्याहून बत्तेरी पूर्वेला आणि मानंतवाडी उत्तरेला. म्हणजे निर्णय गेटवर होत नाही, तो इथं, या दुकानाच्या पायरीवर होतो. आधी गेटवर जाऊन नशीब अजमावलं आणि हुकलं, तर वीसेक किलोमीटर बत्तेरीला परत यायचं, तिथून चाळीसेक किलोमीटर मानंतवाडी, आणि तोवर साडेदहा. इथूनच थेट पनमरमवरून गेलो तर मानंतवाडी पस्तीसेक किलोमीटर, तासाभराचं काम. गेटवाल्या रस्त्यापेक्षा एकूण चाळीसेक किलोमीटर जास्त, पण खात्रीचे. मुक्कामाचा हिशेब केला तर सहाला गेटवर उभं राहूनही नऊच्या कामाला जेमतेमच पोचलो असतो.

चहा घेऊन आठला निघालो. मानंतवाडीत नऊला डिझेल भरलं, कारण पुढे रात्री कुठला पंप उघडा असेल यावर मी भरवसा ठेवत नाही. काट्टिकुळमनंतर तोल्पेट्टीचं जंगल सुरू होतं. हा रस्ता खुला आहे म्हणजे जंगल नाही असं नव्हे. बांबू ताजा मोडून पडलेला दिसला तेव्हा वेग कमी केला आणि वळणापलीकडे हत्तीण उभी होती, पिलासकट.

तीस-चाळीस पावलं मागेच थांबलो. दिवे मंद केले, इंजिन चालू ठेवलं, हॉर्नला हात लावला नाही. मागून आलेल्या जीपवाल्याला टेललाइटची उघडझाप करून लांब थांबवलं. मागे सरकायला जागा नसली तर हत्तीपेक्षा मागची गाडी जास्त धोक्याची. पंधरा मिनिटांनी हत्तीण उतारावर गेली. आणखी पाच मिनिटं मी हललो नाही, कारण एक हत्ती गेला म्हणजे कळप गेला असं नसतं.

दहा-दहाला कुट्टा. तिथून गोणिकोप्पलपर्यंत कॉफीचे मळे आणि इतकं धुकं की तीसच्या वर काटा गेला नाही. तितिमतीपुढचं आनेचौकूरचं जंगल ओलांडताना दोन चितळं आडवी आली, बाकी काही नाही. हुणसूरला सव्वाबारा. तिथून रुंद रस्ता.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मद्दूरचं गेट उघडायला अजून जवळपास पाच तास होते. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर गेटची वेळ लक्षात ठेवू नका. कल्पेट्ट्यात सात वाजले का, एवढंच बघा.