118/2अ चे शेत नकाशावर कुठे?

गावातल्या सगळ्या सातबारांची यादी एका बाजूला ठेवली आणि गावनकाशावरच्या शेतांच्या आकृत्या दुसऱ्या बाजूला, तर दोन्हींना जोडणारी एकच खूण असते, ती म्हणजे भूमापन क्रमांक. पीकविम्याचा पंचनामा असो की रस्त्यासाठीचे भूसंपादन, कोणाचे किती क्षेत्र बाधित झाले हे संगणकावर काढायचे तर यादीतली ओळ आणि नकाशावरची आकृती एकमेकांना सापडावी लागते. हजारो ओळी सहज सापडतात. अडतात त्या शेपटी असलेल्या: 118/2अ, 118/3/1, 118 पै.

हे अडणे मुळातच आहे, कारण ही दोन कागदपत्रे दोन वेगळ्या दफ्तरांत वाढली. सातबारा तलाठ्याकडे, म्हणजे महसूल विभागाकडे. नकाशा, टिपण आणि फाळणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे. भावाभावांत वाटणी झाली की फेरफार मंजूर होऊन सातबारा फुटतो. पोटहिस्स्याची मोजणी होऊन नकाशावर रेघ पडायला मात्र वर्षे जातात, आणि पुष्कळदा ती पडतच नाही. त्यामुळे यादीत 118/2अ आणि 118/2ब असे दोन सातबारा दिसतात, तर नकाशावर 118/2 ही एकच आकृती.

त्यात लिहिण्याच्या तऱ्हा वेगळ्या. एकाच हिस्स्याच्या नोंदी वेगवेगळ्या फायलींत अशा सापडू शकतात:

```
118/2अ
११८/२/अ
118-2A
118 / 2 अ
```

एक्सेलने केलेले घोटाळे आणखी निराळे. `12/3` टाइप केले की तो त्याची तारीख करून टाकतो, आणि टिंब देऊन लिहिलेल्या `45.10` चा `45.1` होतो, म्हणजे दहावा हिस्सा गुपचूप पहिला होतो. म्हणून हा रकाना उघडतानाच ‘मजकूर’ म्हणून उघडावा लागतो. तारीख झालेला आकडा नंतर मागे फिरवता येईलच याची खात्री नसते.

अशा वेळी नवख्या माणसाला एक सोपा उपाय सुचतो: ज्या दोन क्रमांकांची अक्षरे सर्वांत जास्त जुळतात, ते जोडून टाकावेत. माणसांच्या नावांसाठी ही युक्ती चालते. जमिनीसाठी ती घातक आहे. 118/1 आणि 118/2 यांत एकाच आकड्याचा फरक आहे, पण ती शेजारची दोन शेते आहेत आणि त्यांचे मालक वेगळे असू शकतात. उलट ‘११८/२/अ’ आणि ‘118-2A’ यांत एकही अक्षर जुळत नाही, तरी शेत तेच. इथे दिसण्यातल्या साम्याला अर्थ नाही. बघायचे ते कोणता हिस्सा कोणत्या नंबरातून फुटला.

म्हणून आधी क्रमांकाचे तुकडे वेगळे करायचे: मूळ नंबर, हिस्सा, पोटहिस्सा. अंक एकाच लिपीत आणायचे, अक्षरेही. मात्र तिरकी रेघ नुसती पुसून टाकायची नाही. तसे केले तर 45/1/1 आणि 45/11 एकच होऊन बसतात. मूळ लिहिलेला क्रमांकही शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्यायचा. मग जुळवणी गावाच्या आतच करायची, कारण 118 नंबर शेजारच्या गावातही असतो. तुकड्यांसकट पूर्ण जुळले तर ठीक. नाही जुळले तर एक पायरी वर चढून बापनंबराची आकृती शोधायची. 118/2अ नाही, तर 118/2 आहे का? तीही नाही, तर 118?

ही चढण बरोबर झाली का, हे क्षेत्र सांगते. समजा, एका गावात 118 नंबरच्या तीन आकृत्या आहेत. 118/1 थेट जुळली. 118/2 ची आकृती 162 आर भरते. यादीत 2अ 81 आर आणि 2ब 80 आर, बेरीज 161. दोन्ही सातबारा या आकृतीखाली येतात, असे म्हणायला हरकत नाही. 118/3 ची आकृती 245 आर आहे. यादीत 118/3/1 आणि 118/3/2 प्रत्येकी 95 आर, म्हणजे 190. पंचावन्न आर गेले कुठे? त्याच यादीत 118/33 अशी 53 आरची एक ओळ अनाथ पडलेली आहे. 118 चे तेहतीस हिस्से कधी झालेच नाहीत. रेघ गळून 118/3/3 चे 118/33 झाले असावे. बेरीज आता 243 होते. तरीही हा अजून तर्कच; फेरफार नोंद काढून तिसरा हिस्सा खरोखर पडला होता का ते पाहिले, की मगच ती ओळ दुरुस्त करायची.

क्षेत्राची ही कसोटी लावताना दोन चुका हमखास होतात. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे लिहिलेले असतात. 2अ मधला 6 आर पोटखराबा बेरजेत धरला नाही, तर 162 च्या समोर 155 उरतात आणि चांगली जोडणी संशयित ठरते. दुसरी चूक संगणकाची. वेबवरच्या नकाशांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मर्केटर प्रक्षेपणात क्षेत्र मोजले, तर 19 अक्षांशाच्या आसपास ते सुमारे 12 टक्के जास्त भरते. गावातली सगळीच शेते जवळपास सारख्याच टक्क्याने मोठी निघाली, तर दोष शेतांत नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक महाराष्ट्रासाठी यूटीएमचा 43 वा पट्टा आणि पूर्व विदर्भासाठी 44 वा घेतला की हा फुगवटा जातो.

किती फरक चालवून घ्यावा, याला एकच टक्केवारी लावणे मात्र चूक आहे. 1:5000 च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. दहा गुंठ्यांच्या चौकोनी शेताची एक बाजू तेवढी सरकली तरी क्षेत्र आठ टक्क्यांनी बदलते. पाच एकरांच्या शेतात तोच फरक दोन टक्क्यांच्याही आत राहतो.

सर्वांत फसवी असते ती तंतोतंत जुळणी. 1947 च्या कायद्याखाली जिथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. जुन्या नकाशावरचा 118 आणि आजच्या सातबारावरचा 118 अक्षरशः एकच दिसतात, पण शेते गावाच्या दोन टोकांना असू शकतात. यादी न अडखळता जुळते आणि कोणाला शंकाही येत नाही. क्षेत्रांत मोठी आणि अनियमित तफावत दिसली की जोडणी थांबवून एकत्रीकरणाची पत्रके काढावीत. जुना नंबर कोणत्या गटात गेला, हे तिथे कळते.

क्षेत्र हात टेकते तेही सांगायला हवे. नकाशावर 118/2/1 आणि 118/2/2 आहेत आणि यादीत 2अ व 2ब, तर अ म्हणजे 1 असे गृहीत धरता येत नाही. त्यात दोन भावांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले असेल, तर दोन्ही जोडण्यांत क्षेत्र सारखेच बसते. फाळणी नकाशा किंवा वाटणीपत्रातली चतुःसीमा पाहिल्याशिवाय इथे पुढे जाणे म्हणजे एकाची विहीर दुसऱ्याच्या नावावर दाखवणे.

2अ आणि 2ब यांची रेघच नकाशावर नसेल, तर आकृती मधोमध कापून दोन शेते ‘तयार’ करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण एकदा पडद्यावर उमटलेली रेघ पुढच्या माणसाला मोजणीची वाटते. दोन्ही सातबारा 118/2 याच आकृतीला बांधावेत आणि शेजारच्या रकान्यात ‘बापनंबरावरून, क्षेत्राने तपासलेले, हद्द अज्ञात’ असे लिहावे. पोटहिस्स्याची मोजणी होऊन नवी आकृती आली, की जुनी जोडणी पुसून न टाकता तिच्यावर समाप्तीची तारीख घालायची, म्हणजे त्याआधीचा पंचनामा कोणत्या आकृतीवरून केला होता ते शोधता येते.