फुगा किती वेगाने फुगतो?

बारावीच्या एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकात, अवकलजाच्या उपयोजनांच्या प्रकरणात, एक फुगा भेटतो. तो नेहमी गोलच राहतो. त्यात दर सेकंदाला ९०० घन सेंटिमीटर वायू भरला जातो. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल त्या क्षणी ती कोणत्या वेगाने वाढत असेल, एवढंच विचारलेलं असतं. उत्तर येतं 1/π, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३२ सेंटिमीटर. मुलं उत्तराखाली रेघ मारतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. या एका फुग्याभोवती जे गैरसमज साचलेले असतात, ते मात्र बरोबर उत्तर आल्यावरही तसेच राहतात. म्हणून तोच फुगा आणि तेच आकडे घेऊन ते एकेक पाहू. वाढदिवसाला लावतात तो बारा इंची फुगा पूर्ण फुगला की त्याची त्रिज्या साधारण १५ सेंटिमीटरच असते, त्यामुळे आकडे डोळ्यांसमोर आणायलाही सोपे आहेत.

गैरसमज: हवा एकसारखी भरली की फुगाही एकसारखा मोठा होत जातो.

पंप एकाच गतीने चालला आहे, मग त्रिज्याही एकाच गतीने वाढणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पंपाने स्थिर ठेवलाय तो घनफळाचा दर, त्रिज्येचा नव्हे. रिकाम्यापासून सुरुवात झाली असं धरलं, तर १५ सेंमी त्रिज्येचं घनफळ 4500π, म्हणजे सुमारे १४,१३७ घनसेंमी भरायला १५.७ सेकंद लागतात. आता त्रिज्या त्याच्या निम्मी, म्हणजे साडेसात सेंमी, कधी झाली असेल? आठव्या सेकंदाच्या आसपास, असं उत्तर बहुतेक जण देतात. प्रत्यक्षात ती दोन सेकंदही पुरे व्हायच्या आत होते. उरलेले साडेसात सेंमी वाढायला पावणेचौदा सेकंद जातात.

याचं कारण सूत्रातच आहे. गोलाचं घनफळ V = (4/3)πr³. हवा भरत असताना V आणि r दोन्ही वेळेनुसार बदलतात, म्हणून दोन्ही बाजूंचं वेळेच्या संदर्भात अवकलन करायचं:

dV/dt = 4πr² · dr/dt

उजवीकडे आलेला 4πr² हा केवळ घातांक खाली आणून मिळालेला गुणक नाही. ते गोलाचं पृष्ठफळ आहे, आणि ते तिथे योगायोगाने आलेलं नाही. फुगा किंचित वाढला की वाढलेलं घनफळ हे त्याच्या सबंध पृष्ठभागावर चढलेल्या एका पातळ थराएवढं असतं. थराची जाडी म्हणजे त्रिज्येतली वाढ. चमचाभर तूप फुलक्यावर पसरलं तर थर जाड बसतो, मोठ्या पोळीवर पसरलं तर पातळ. तूप मात्र तेवढंच. १५ सेंमीच्या फुग्याचं पृष्ठफळ 900π, म्हणजे सुमारे २,८२७ चौरस सेंटिमीटर. त्यावर सेकंदाला ९०० घनसेंमी पसरायचे, तर थराची जाडी ९०० भागिले २,८२७, म्हणजे ०.३२ सेंमीच येणार. साडेसात सेंमी त्रिज्येला पृष्ठफळ याच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, म्हणून तिथे त्रिज्या चौपट वेगाने, सेकंदाला सुमारे १.२७ सेंमीने वाढत होती.

हा थर हिशेबापुरता आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. नवी हवा खरोखर कडेला जाऊन बसत नाही, ती आतल्या हवेत मिसळते. घनफळाच्या जमाखर्चाला त्याने फरक पडत नाही.

गैरसमज: त्रिज्या १५ दिलीच आहे, तर ती आधीच सूत्रात घालावी.

ही चूक उत्तरपत्रिकांमध्ये सर्रास दिसते. V = (4/3)π(15)³ = 4500π असं लिहिलं की हातात उरते एक स्थिर संख्या, आणि स्थिर संख्येचा अवकलज शून्य. मग पुढे काहीतरी ओढूनताणून केलं जातं. १५ हा आकडा एका क्षणाचा आहे. त्याच्या आधी त्रिज्या १५ नव्हती आणि नंतरही राहणार नाही. आधी बदलत्या राशींमधलं नातं, मग अवकलन, आणि सगळ्यात शेवटी त्या क्षणाचे आकडे, हाच क्रम चालतो. चूक ओळखायची खूणही सोपी आहे: पंप चालू असताना दर शून्य आला, तर आकडा वेळेआधी आत शिरलेला असतो. दुसरी खूण एककांची. dr/dt चं एकक सेंमी प्रति सेकंदच हवं. घनसेंमीला चौसेंमीने भागलं की सेंमी उरतात. ते उरत नसतील तर r चा घात कुठेतरी चुकला आहे.

गैरसमज: पृष्ठफळात r चा वर्ग आहे, म्हणून फुग्याची कातडी अधिकाधिक वेगाने ताणली जाते.

मला हा सगळ्यांत रंजक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. पृष्ठफळ S = 4πr², म्हणून dS/dt = 8πr · dr/dt. यातला r वाढतो आहे हे दिसतं, आणि तेवढ्यावरच निष्कर्ष काढला जातो. पण शेजारचा dr/dt घटतो आहे, आणि तो r² च्या व्यस्त प्रमाणात घटतो आहे. पहिल्या समीकरणातला dr/dt इथे ठेवला की

dS/dt = (2/r) · dV/dt

असं सुटसुटीत नातं मिळतं. आता आकडे घालून पाहा. साडेसात सेंमी त्रिज्येला पृष्ठफळ सेकंदाला २४० चौसेंमीने वाढत होतं. १५ सेंमीला १२० ने. आणखी मोठा, ३० सेंमी त्रिज्येचा फुगा घेतला तर ६० ने. म्हणजे पृष्ठफळ वाढतच राहतं, पण वाढीचा वेग मंदावतो. त्रिज्या दुप्पट झाली की त्रिज्येच्या वाढीचा वेग पाव होतो, पृष्ठफळाच्या वाढीचा निम्मा होतो, आणि घनफळाचा तसाच राहतो, कारण तो पंपाने बांधून ठेवला आहे.

मग अर्धं खरं काय? कोणी पंप असा चालवला की त्रिज्या दर सेकंदाला बरोबर १ सेंमीने वाढावी, तर dS/dt = 8πr होतं, आणि पृष्ठफळ खरंच वाढत्या वेगाने वाढतं. तसं करायला १५ सेंमी त्रिज्येला सेकंदाला २,८२७ घनसेंमी हवा लागेल, म्हणजे पंप तिपटीहून जोरात चालवावा लागेल. तेव्हा नुसतं ‘फुगा वेगाने वाढतो का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कशाचा दर स्थिर ठेवला आहे आणि कशाचा विचारला आहे, हे दोन्ही सांगितल्यावरच उत्तर देता येतं.

स्थिर काहीही ठेवा, एक नातं मात्र बदलत नाही. वाढीचे दर शेकड्यात मोजले, तर त्रिज्या, पृष्ठफळ आणि घनफळ यांचे दर कायम १ : २ : ३ या प्रमाणात असतात. आपल्या फुग्याचं १५ सेंमीला पाहा: त्रिज्या सेकंदाला २.१ टक्क्यांनी वाढते, पृष्ठफळ ४.२ टक्क्यांनी, घनफळ ६.४ टक्क्यांनी. उत्तर तपासायला याहून सोयीचं साधन नाही.

गैरसमज: हवा सोडली की तेच सगळं उलटं घडतं, आणि आकसणाऱ्या सगळ्या गोलांचं गणित एकच.

फुग्यातून सेकंदाला ९०० घनसेंमी हवा बाहेर पडत असेल, तर सूत्रं तीच, फक्त चिन्ह उणे. त्रिज्या आधी हळू कमी होते, आणि फुगा लहान होईल तशी झपाट्याने. पण कपाटातली डांबरगोळी अशी झिजत नाही. ती उडून जाते ती पृष्ठभागावरून, आणि तिचं घनफळ पृष्ठफळाच्या प्रमाणात घटतं असं धरलं, तर dV/dt = −k·4πr². समोरासमोरचे 4πr² कटतात आणि dr/dt = −k उरतं. म्हणजे गोळीची त्रिज्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीने कमी होते. फुगा आणि डांबरगोळी यांची भूमिती एक, दराचा नियम वेगळा.

गैरसमज: पहिली फुंकर जड जाते, कारण सुरुवातीला त्रिज्येचा वेग अफाट असतो.

सूत्राप्रमाणे r शून्याजवळ असताना dr/dt अनंताकडे जातो. १ सेंमी त्रिज्येलाच तो सेकंदाला सुमारे ७२ सेंमी येतो. पण रिकामा फुगा शून्य त्रिज्येचा गोल नसतो. ती एक लोंबकळणारी पिशवी असते, आणि ती गोल होईपर्यंत आपलं सूत्र लागूच होत नाही. पहिली फुंकर जड जाते ती रबरामुळे. आदर्श रबराचा गोल फुगा धरून हिशेब केला, तर आतला जादा दाब मूळ त्रिज्येच्या सुमारे १.४ पटीला सर्वाधिक असतो आणि नंतर उतरतो, म्हणून पुढच्या फुंकरी सोप्या जातात. या सूत्रांना त्रिज्या, पृष्ठफळ आणि घनफळ एवढंच ठाऊक आहे. दाब आणि ताण त्यांच्यात कुठेच नाहीत.

गैरसमज: घनफळ दुप्पट म्हणजे फुगा दुप्पट.

घनफळ दुप्पट झालं की त्रिज्या फक्त १.२६ पट होते. त्रिज्या दुप्पट व्हायला आठपट हवा लागते.

हवामान विभाग मुंबई, नागपूर, पणजी अशा केंद्रांवरून उपकरणं बांधून जे फुगे सोडतो, त्यांत हा फरक मोठ्या प्रमाणावर दिसतो. तिथे वर गेल्यावर पंप नसतो. बाहेरचा दाब घटतो म्हणून आतला वायू पसरतो, आणि घनफळाचा दर फुगा किती वेगाने चढतो त्यावर ठरतो. ३० किलोमीटर उंचीवर दाब जमिनीवरच्या साधारण एक टक्का उरतो. तिथली थंडीही हिशेबात घेतली, तर घनफळ सुमारे ६५ पट होतं. त्रिज्या मात्र चौपटच होते, आणि पृष्ठफळ सोळापट. रबर तेवढंच असल्यामुळे त्याची जाडी जमिनीवरच्या सोळाव्या हिश्शावर येते, आणि साधारण त्याच सुमारास असे फुगे फुटतात.