वाटेत अडकलेला माल : दंड किती आणि कोणत्या रीतीने?

कापडाच्या व्यापारात आम्हाला पूर्वी विक्रीकराच्या नाक्याची धास्ती असे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, नाके उठले, पण धास्ती उठली नाही. आता ती फिरत्या पथकाची आहे. माल कोणत्याही वळणावर थांबवला जाऊ शकतो, आणि कागदात खोट दिसली की तेथेच दंडाची भाषा सुरू होते. आमचे बरेच बांधव घाबरून, 'गाडी सुटू द्या, भाडे चढते आहे' म्हणून सांगतील ती रक्कम भरून मोकळे होतात. हा दंड न्यायालय लावत नाही, खात्याचा अधिकारी लावतो. परंतु तो आपल्या मर्जीने लावू शकत नाही. कायद्याने त्याला रीत घालून दिली आहे आणि काही ठिकाणी मापही घालून दिले आहे. ती रीत आणि ते माप कोणते, हे आम्ही येथे एका उदाहरणाने मांडतो.

समजा, नागपूरच्या गांधीबागेतील एका दुकानदाराने अकोल्याच्या गिऱ्हाइकाला १,८०,००० रुपयांच्या सुती साड्या पाठवल्या. त्यावर ५ टक्के दराने केंद्राचा व राज्याचा मिळून ९,००० रुपये कर होतो. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात १ लाखापेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागते. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. दुकानदाराने पक्के बिल केले, ई-वे बिलही काढले. वाटेत पथकाने गाडी थांबवली आणि ई-वे बिलात दोष काढला. आता दंड किती?

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १२९ येथे लागते. १ जानेवारी २०२२ पासूनच्या सुधारित कलमाप्रमाणे मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे आपल्या उदाहरणात १८,००० रुपये. मालक पुढे आला नाही तर दंड मालाच्या किमतीच्या निम्मा किंवा कराच्या दुप्पट, यांपैकी जास्त असेल तो. म्हणजे निदान ९०,००० रुपये. कापडावर कराचा दर कमी असल्यामुळे या दोन आकड्यांतले अंतर आपल्याला फार मोठे पडते. म्हणून 'मालक कोण' हा पहिला प्रश्न. केंद्रीय मंडळाने ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात याचा खुलासा केला आहे : मालासोबत बिल किंवा ठरलेला दुसरा कागद असेल तर पाठवणारा किंवा घेणारा हाच मालक मानावा. कागद सोबत नसेल तर मालक कोण हे अधिकारी ठरवतो. म्हणून बिलाची प्रत गाडीवाल्याजवळच असली पाहिजे; दुकानातल्या फाइलीत असून उपयोग नाही.

आता दोषाचा प्रकार पाहू. कोणताही दोष निघाला की लगेच कराच्या दुप्पट दंड, असे नाही. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने सहा प्रकारच्या चुका किरकोळ ठरवल्या आहेत. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक पण जीएसटी क्रमांक बरोबर. पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर, आणि त्या चुकीने बिलाची मुदत वाढत नाही. घेणाऱ्याच्या पत्त्यात चूक पण मोहल्ला व बाकी तपशील बरोबर. बिलाच्या क्रमांकात एक-दोन आकड्यांची चूक. मालाच्या एचएसएन क्रमांकात चूक पण पहिले दोन आकडे व कराचा दर बरोबर. आणि गाडीच्या क्रमांकात एक-दोन अक्षरे वा आकडे चुकलेले. अशा चुकीसाठी कलम १२९ ची कारवाई करू नये, तर केंद्राचे ५०० व राज्याचे ५०० असा एका खेपेला १,००० रुपये दंड घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या मालालाही १,००० च.

आपल्या दुकानदाराच्या मुनिमाने एमएच ३१ ऐवजी एमएच ४९ टाइप केले असेल आणि पुढचा क्रमांक तोच असेल, तर तो १८,००० नव्हे, १,००० रुपयांचा धनी आहे. मात्र ट्रान्सपोर्टवाल्याने अमरावतीला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकला आणि ई-वे बिलात नवी गाडी भरली नाही, तर ती टाइपाची चूक नव्हे. तेथे हे परिपत्रक वाचवणार नाही. दोन्हींतला फरक बिलटीवरून व ट्रान्सपोर्टच्या नोंदीवरून अधिकाऱ्याला लगेच कळतो, म्हणून खोटा बहाणा करण्यात हशील नाही. बिल किंवा ई-वे बिल मुळीच नसेल तरीही ही सवलत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. याच कायद्याच्या कलम १२६ मध्ये फार चांगली तत्त्वे लिहिली आहेत : किरकोळ चुकीला दंड नको, दंड चुकीच्या गांभीर्याच्या प्रमाणात असावा, म्हणणे ऐकल्याशिवाय दंड नको, हुकुमात चूक कोणती व कोणते कलम मोडले ते लिहावे. पाच हजारांपेक्षा कमी कराचे प्रकरण तेथे किरकोळ मानले आहे. पण त्याच कलमाच्या शेवटी लिहिले आहे की जेथे दंडाची रक्कम किंवा टक्केवारी कायद्यानेच पक्की ठरवली आहे, तेथे हे कलम लागू नाही. कलम १२९ चा दंड तर 'कराच्या दुप्पट' असा पक्काच आहे. म्हणून नुसते कलम १२६ पुढे करून दंड कमी होईल या भरवशावर राहू नये. वर सांगितलेले परिपत्रक हाच तेथे जास्त भक्कम आधार आहे, कारण मंडळाचे परिपत्रक खात्याच्या अधिकाऱ्यांना पाळावे लागते.

म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क मात्र कलम १२९ मध्येही स्वतंत्रपणे दिला आहे. त्याची रीत अशी. गाडी थांबवल्यावर गाडीवाल्याची जबानी एमओव्ही-०१ या फॉर्मवर होते. माल तपासायचा असेल तर तसा लेखी हुकूम होतो आणि तपासणीचा अहवाल एमओव्ही-०४ मध्ये येतो. माल अडकवायचा तर एमओव्ही-०६ चा हुकूम लागतो. त्यानंतर सात दिवसांच्या आत एमओव्ही-०७ ची नोटीस मिळाली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत एमओव्ही-०९ चा अंतिम हुकूम झाला पाहिजे. ही मुदत उलटल्यावर काढलेले हुकूम उच्च न्यायालयांनी अनेक प्रकरणांत रद्द केले आहेत. म्हणून प्रत्येक कागदावरची तारीख पाहावी आणि कागद हाती पडला ती तारीख आपल्या हाताने त्यावर लिहून ठेवावी.

आमच्या बांधवांचे नुकसान बहुधा दोन ठिकाणी होते. पहिले, गाडीवाल्याची जबानी. 'माल कोणाचा ते मला ठाऊक नाही' असे एक वाक्य त्याने लिहून दिले की पुढचा सगळा वाद त्याच वाक्यावर उभा राहतो. गाडीवाल्याला बजावून ठेवावे की कोऱ्या कागदावर सही करू नको, आणि बिल दाखवून मालकाचे नाव सांग. दुसरे, नोटिशीचे उत्तर न देता पैसे भरणे. कायद्यात म्हटले आहे की दंड भरला म्हणजे नोटिशीतील कार्यवाही संपली. याचा अर्थ काही अधिकारी असा घेत की आता हुकूम लिहिण्याचीही गरज नाही. हुकूमच नसेल तर अपील कशावर करणार?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी एएसपी ट्रेडर्स या प्रकरणात निकाल दिला. कर्नाटकातून दिल्लीला जाणारी सुपारी उत्तर प्रदेशात झाशीला अडवली होती. व्यापाऱ्याने माल सोडवण्यासाठी दंड भरला, पण हरकतही नोंदवली होती. न्यायालयाने सांगितले की पैसे भरले म्हणून अपिलाचा हक्क गेला असे होत नाही. हरकत घेतली असेल तर अधिकाऱ्याने कारणे देऊन अंतिम हुकूम काढलाच पाहिजे. तेव्हा माल सोडवणे भाग असेल तर पैसे जरूर भरावेत, पण सोबत लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हातात रोकड नसेल तर जातमुचलका आणि बँक हमी देऊनही माल सोडवता येतो.

उत्तर देण्यासाठी वकील लागतोच असे नाही. आपला कायमचा नोकर किंवा नातेवाईकही अधिकारपत्र घेऊन हजर राहू शकतो. उत्तरात तीन गोष्टी हव्यात : चूक नेमकी कोणती; बिलातील कर हिशेबात कसा दाखवला आहे; आणि परिपत्रकातील कोणता प्रकार लागतो. हुकूम विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येते. त्यासाठी दंडाच्या १० टक्के रक्कम आधी भरलेली असावी लागते. १८,००० च्या दंडाला ती १,८०० होते.

राहता राहिली ई-वे बिलाची मुदत संपण्याची गोष्ट. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे नागपूर ते अकोला दोन दिवस. मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर ती वाढवता येते. संपलेली मुदत त्या सहा चुकांत मोडत नाही, म्हणून येथे दंडाचा धोका खरा आहे. तरीही नियत पाहिली जाते. हैदराबादेत जानेवारी २०२० मध्ये सत्यम शिवम पेपर्स या कंपनीचा कागद आंदोलनामुळे रस्ता अडल्याने वेळेत पोहोचला नाही आणि ई-वे बिलाची मुदत संपली. खात्याने ६९,००० रुपये वसूल केले. तेलंगण उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले : नुसती मुदत संपली यावरून कर चुकवण्याचा इरादा सिद्ध होत नाही. खाते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १२ जानेवारी २०२२ रोजी ते हरलेच, वर उच्च न्यायालयाने लावलेला १०,००० रुपयांचा खर्च वाढवून ६९,००० करण्यात आला, आणि तो जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मोकळीक राज्याला दिली गेली. अशा वेळी गाडी का थांबली याचा पुरावा, म्हणजे गॅरेजचे बिल, टोलची पावती, रस्ता बंद असल्याची बातमी, त्याच दिवशी जपून ठेवावा.

आमच्या मोमीनपुरा-कामठीकडच्या विणकरांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. महाराष्ट्रात सूत, लडी, कापड किंवा तयार कपडे जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत नेताना किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागत नाही. ही सूट १ जुलै २०१८ पासून आहे. पण डिलिव्हरी चलन लागतेच. त्यावर 'जॉबवर्कसाठी' असे स्पष्ट लिहावे. रिकाम्या हाती नेलेल्या मालाला ही सूट सिद्ध करता येत नाही, आणि मग प्रश्न पुन्हा तेथेच येतो : माल कोणाचा?